चप्पलेला डांबर लागलं? आधी तेल, साबण नंतर

नवतपा लागायला अजून वेळ असतो, तरी दुपारी दोनच्या सुमारास सिग्नलवर गाडी थांबवून पाय टेकवला की चप्पल रस्त्याला चिकटल्यासारखी होते. हिरवा दिवा लागतो, पाय उचलताना 'चट्' असा आवाज येतो आणि घरी पोचल्यावर फरशीवर काळे ठिपके दिसतात. नागपुरात आता सिमेंटचे रस्ते पुष्कळ झालेत. तरी गल्लीबोळांत, चौकांच्या कडांना आणि पावसाळ्याआधी घाईघाईने बुजवलेल्या खड्ड्यांवर डांबर आहेच.

मग चप्पल न्हाणीत जाते. कपड्याचा साबण, तारेची घासणी, गरम पाणी असं सगळं होतं. आमच्या शेजारच्या काकू दर उन्हाळ्यात वैतागून म्हणतात, "घासू घासू हात दुखून रायले, पण हे काळं काही निघून नाही रायलं बापा!" काकूंचा साबण चांगला असतो आणि हातही जोरात चालतो. चुकतो तो क्रम. आधी तेल लावायचं आणि साबण त्यानंतर. ऐकायला उलटं वाटतं, कारण तेलाचे डाग काढायलाच आपण साबण वापरतो. मुद्दाम तेल लावून काम कसं होतं, ते बघू.

रस्त्यावरचं डांबर म्हणजे काय?

जमिनीतून काढलेलं कच्चं तेल रिफायनरीत तापवून त्यातून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल असं एकेक वेगळं काढतात. इतकं काढूनही तळाशी जो काळा, जड, चिकट भाग उरतो, त्यावर थोडी प्रक्रिया करून रस्त्याचं डांबर तयार होतं. कागदोपत्री त्याला बिटुमेन म्हणतात. आपण डांबरच म्हणू. लक्षात ठेवायचं ते एवढंच की मुळात हे पेट्रोल-डिझेलच्याच घराण्यातलं, म्हणजे तेलकट द्रव्य आहे. पाण्याशी त्याचं अजिबात जमत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ते पूर्ण घनही नाही आणि पूर्ण द्रवही नाही. थंडीत दगडासारखं कडक वाटणारं डांबर तापलं की मऊ पडतं. आपल्याकडे रस्त्यांसाठी सर्रास वापरली जाणारी त्याची प्रत म्हणजे व्हीजी-३०. भारतीय मानकानुसार ही प्रत ४७ अंशांच्या आत मऊ पडता कामा नये. आता नागपूरचा मे आठवा. हवेचं तापमान ४५ अंशांच्या आसपास असतं, पण ते सावलीत मोजलेलं. उन्हात पडलेला काळा रस्ता त्याहून बराच जास्त तापतो आणि पृष्ठभाग सहज ६० अंशांच्या घरात जातो. नीट बांधलेल्या रस्त्यात हे मऊ डांबर खडीच्या सांगाड्यात अडकून राहतं, म्हणून ते पायाला लागत नाही. जिथे ते प्रमाणापेक्षा जास्त पडलेलं असतं, तिथे मात्र वाहनांच्या दाबाने वर येतं. सिग्नलपाशी, बसथांब्यावर, वळणावर काळे चकचकीत पट्टे दिसतात ते हेच. गाडीवरून पाय टेकवताना तेवढी जागा टाळली तर अर्धं काम वाचतं.

साबण हरतो कुठे?

साबणाच्या प्रत्येक कणाला दोन टोकं असतात. एका टोकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. तेलाकडचं टोक तेलाच्या थेंबात रुततं, पाण्याकडचं बाहेर राहतं आणि असा चहूबाजूंनी वेढलेला थेंब पाण्यासोबत वाहून जातो. कढईचा तेलकटपणा जातो तो असाच.

पण यासाठी आधी थेंब व्हावा लागतो. मोठ्या थराचे बारीक बारीक तुकडे पडले तरच साबण त्यांना वेढू शकतो. गोडेतेल पातळ असल्यामुळे ब्रशच्या एका फटक्यात त्याचे हजारो थेंब होतात. डांबराचे होत नाहीत. दाटपणा मोजायचं एक माप आहे, पॉइज. गोडेतेल आपल्या नेहमीच्या तापमानाला साधारण अर्धा पॉइज भरतं. व्हीजी-३० डांबर ६० अंशांवर, म्हणजे भर दुपारच्या तापलेल्या रस्त्यावरसुद्धा, किमान २४०० पॉइज असतं. न्हाणीतल्या गार फरशीवर तर ते कित्येक पटींनी आणखी दाट होतं. ब्रशचे केस त्यावरून नुसते घसरतात. साबण वरवर फिरतो, फेस होतो, पाणी काळपटही दिसतं, पण ते बहुतेक धुळीमुळे. थर जागच्या जागी राहतो.

साबणाच्या जातीचे पदार्थ डांबराला पाण्यात मिसळू शकतात, याचा पुरावा रस्त्यावरच दिसतो. नवा थर टाकायच्या आधी मजूर जुन्या रस्त्यावर चॉकलेटी रंगाचं पातळ पाणी फवारतात. ते असतं डांबराचं इमल्शन, म्हणजे पाण्यात तरंगत ठेवलेले डांबराचे बारीक थेंब. कारखान्यात डांबर आधी भरपूर तापवून पातळ करतात, मग साबणासारखं काम करणारं रसायन घातलेल्या पाण्यात जोरात फेटतात. म्हणजे तिथेही नियम तोच आहे. आधी पातळ करा, मग साबण कामाला लावा. कारखान्यात पातळ करायचं काम उष्णता करते. चप्पल काही तेवढी तापवता येत नाही, म्हणून घरी ते काम तेलाला द्यायचं.

(यातून एक उपयोगी गोष्ट निघते. चप्पलेवर ते चॉकलेटी पाणी उडालं असेल आणि अजून चॉकलेटीच असेल, तर तिथल्या तिथे नुसत्या पाण्याने धुवा, निघतं. ते काळं पडलं की पाणी उडून डांबर मोकळं झालं असं समजायचं. मग तेलाशिवाय गती नाही.)

तेल नेमकं काय करतं?

फणस चिरायच्या आधी आपण विळीला आणि हाताला तेल चोळतो. चीक पाण्याने निघत नाही, तेलाने सुटतो, हे घराघरात ठाऊक आहे. डांबराचं गणित तेच आहे. तेलकट पदार्थ तेलकट पदार्थात मिसळतो. डांबरावर गोडेतेल घातलं की ते हळूहळू थरात शिरतं आणि त्याला पातळ करतं. दाटपणा इतका झपाट्याने उतरतो की थोड्या वेळापूर्वी चामड्यासारखा चिवट असलेला थर बोटाने पुसता येतो.

मात्र डांबर गोडेतेलात साखरेसारखं पूर्ण विरघळत नाही. त्यातला जो सर्वांत जड, काळा भाग असतो तो बारीक कणांच्या रूपात तसाच राहतो. म्हणून तेल चोळल्यावर काळपट चिखल दिसतो आणि त्यात बारीक काळे कण असतात. पुष्कळांना इथे वाटतं की डाग आणखी पसरला. तो पसरलेला नसतो, सुटलेला असतो. त्याच क्षणी त्यावर पाणी ओतलं तर मात्र खरंच घोटाळा होतो. म्हणून हा चिखल आधी कोरड्या कागदाने उचलायचा.

एक हवाई चप्पल, पहिल्यापासून शेवटपर्यंत

साधी रबरी हवाई चप्पल घेऊ. टाचेखाली रुपयाच्या नाण्याएवढा जाड गोळा आहे, त्यात दोन-चार बारीक खडे रुतलेत आणि पुढच्या बाजूला एक पातळ फराटा आहे.

चप्पल दाराबाहेर सावलीत काढा. डांबरावर चिमूटभर कोरडी माती किंवा राख टाका, म्हणजे ते इतर कुठे चिकटणार नाही. आता जाड गोळा. त्यावर थेट तेल घातलं तर बरंच तेल लागेल आणि मेहनतही वाढेल. त्यापेक्षा चप्पल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा. घरच्यांना हे पटलं नाही, तर पिशवीत बर्फ भरून गोळ्यावर दाबून ठेवला तरी चालतं. थंडीने डांबर ठिसूळ होतं. बाहेर काढल्याबरोबर चमच्याच्या दांड्याने किंवा आइसक्रीमच्या काडीने कडेकडेने उचका. तुकडे आणि खडे उडून येतात. हे लगेच करायचं, कारण मे महिन्यात पाचच मिनिटांत ते पुन्हा मऊ पडतं. चाकू नको. रबर कापलं जातं आणि त्या चिरेत डांबर कायमचं बसतं.

आता उरला पातळ थर. त्यावर आणि पुढच्या फराट्यावर मिळून एक छोटा चमचा गोडेतेल पुरतं. कापसाने किंवा चिंधीने पसरवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. हे थांबणंच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तेलाला आत शिरायला वेळ लागतो, तुमच्या जोराने तो कमी होत नाही. हिवाळ्यात हेच करत असाल तर चप्पल तेवढा वेळ कोवळ्या उन्हात ठेवा.

नंतर जुन्या टूथब्रशने कडेकडून मध्याकडे घासा. उलट दिशेने घासलं तर काळं स्वच्छ रबरावर जातं. सुटलेला चिखल वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसून घ्या. पुन्हा थोडं तेल, थोडं थांबणं, पुन्हा पुसणं. काम कुठवर आलं हे कागद सांगतो. आधी काळी रेघ उमटते, मग तपकिरी, शेवटी पिवळट. पिवळट उमटली की साबणाची पाळी. कागदावर काळं येत असतानाच साबणाकडे वळलात, तर तेल धुऊन जाईल आणि डांबर मागे राहील.

साबण लावतानाही एक खुबी आहे. चप्पल ओली करू नका. भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब कोरड्या, तेलकट तळव्यावर घाला आणि पाणी न घालता मिनिटभर घासा. त्यामुळे साबण आधी तेलात नीट मिसळतो. मग ओंजळभर पाणी घालून घासलं की सगळं दुधी-तपकिरी होतं. म्हणजे थेंब झाले, इमल्शन झालं, रस्त्यावर फवारतात त्याचंच घरगुती रूप. आता धुवा. हेच आणखी एकदा करा. घरी बोअरिंगचं पाणी असेल तर अंगाच्या साबणाची वडी वापरू नका. जड पाण्यात तिचा नीट फेस होत नाही, उलट चिकट पांढरट साका तयार होतो आणि तो तेलाला धरून बसतो. भांड्यांच्या लिक्विडला तो त्रास फारसा होत नाही.

शेवटी चप्पल पुसून वाळवा आणि तळवा पांढऱ्या कागदावर जोरात दाबा. कागदावर पारदर्शक डाग उमटला तर तेल शिल्लक आहे, पुन्हा साबण लावा. ही तपासणी टाळू नका. तेलकट तळव्याची चप्पल घालून टाइल्सवर पाय घसरणं डांबराच्या डागापेक्षा खूपच महागात पडतं, विशेषतः घरात म्हातारी माणसं असतील तर.

कोणतं तेल?

घरात जे असेल ते. सोयाबीन, शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, सगळी चालतात, यात काही जादूचं तेल नाही. भजी तळून उरलेलं तेल वापरलं तरी चालेल, फक्त ते गाळून घ्या. खोबरेल उन्हाळ्यात उत्तम, पण डिसेंबरात नागपूरला ते बाटलीतच गोठतं, तेव्हा आधी पातळ करावं लागतं. अपवाद जवसाच्या तेलाचा. विदर्भात ते अनेक घरांत असतं. जेवायला फार चांगलं, पण इथे नको. जवसाचं तेल हवेत राहिलं की वाळून चिकट पापुद्रा धरतं, म्हणून तर ते रंगाच्या धंद्यात वापरतात. एक चिकटा काढायला दुसरा लावल्यासारखं होईल.

"पण घासलेटने तर एका मिनिटात निघतं!"

निघतं, हे खरं आहे. घासलेट आणि पेट्रोल डांबराच्या अगदी जवळच्या नात्यातले आणि गोडेतेलापेक्षा फार पातळ. त्यामुळे ते झटकन शिरतात. जुन्या लोकांचा हा अनुभव खोटा नाही. पण ते जितक्या सहज डांबरात शिरतात, तितक्याच सहज रबरातही शिरतात. रबर फुगतं, मऊ पडतं, पट्ट्यांची भोकं सैल होतात आणि चालता चालता अंगठ्याचा पट्टा निसटतो. बुटाचा तळवा डिंकासारख्या सोल्यूशनने चिकटवलेला असेल तर तोही सुटू लागतो. चप्पल स्वच्छ होते, पण घालण्याच्या लायकीची राहीलच असं नाही.

खरी भीती आगीची आहे. कोणतंही इंधन ठराविक तापमानाच्या वर गेलं की त्यातून इतकी वाफ निघते की एखाद्या ठिणगीने ती पेट घेते. भारतीय मानकात घासलेटसाठी ही मर्यादा किमान ३५ अंश आहे. लंडनच्या हवेत ही मर्यादा सुरक्षित वाटेल. नागपूरच्या अंगणात मे महिन्यात हवाच त्याच्या दहा अंश वर असते. पेट्रोलचं तर बोलायलाच नको, ते बर्फाच्या थंडीतही पेटण्याइतकी वाफ सोडतं. अशा दिवसांत बंद न्हाणीत, शेजारी गिझर किंवा कूलरची मोटर चालू असताना पेट्रोलचा बोळा घेऊन बसणं म्हणजे चप्पलेपायी घर पणाला लावणं.

थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर हेही नको. ते फोमच्या आणि प्लास्टिकच्या तळव्याचं रूप बिघडवू शकतात. सॅनिटायझर, लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा यांचा उपयोग नाही. ते एक तर पाण्याच्या गटातले किंवा पाण्याकडे झुकणारे आहेत, डांबरात शिरतच नाहीत. केस वाळवायच्या यंत्राने गरम केलं तर डांबर पातळ होतं खरं, पण ते बाहेर येण्याऐवजी तळव्याच्या बारीक छिद्रांत उतरतं.

मग गोडेतेलाने रबर खराब होत नाही का?

होतं, पण फार सावकाश. गोडेतेलाचे कण घासलेटपेक्षा मोठे असतात, रबरात शिरायला त्यांना वेळ लागतो. पाव-अर्ध्या तासात पुसून धुतलं तर फरक जाणवत नाही. तेल लावून रात्रभर ठेवलं, तर मात्र साधं रबर फुगून पिचपिचीत होऊ शकतं. 'जास्त वेळ म्हणजे जास्त स्वच्छ' हे इथे लागू नाही.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. रबराला डांबरातले हलके तेलकट भागही आवडतात. जुन्या टायरचा चुरा गरम डांबरात मिसळून रस्ते करायची पद्धत आपल्या देशात आहे. त्यात रबराचे कण डांबरातलं हलकं तेल पिऊन फुगतात. चप्पलेवर तेच घडतं, फक्त थंडपणे आणि हळूहळू. डांबर आठवडाभर तसंच राहिलं तर त्यातला हलका भाग रबरात मुरतो, आत तपकिरी डाग पडतो आणि वर उरलेला थर आणखी कडक होतो. म्हणून त्याच संध्याकाळी काढलं तर दोन हातांत निघतं. पुढच्या रविवारी काढाल तर थर जाईल, डाग राहील.

कुठे हात टेकायचे?

पांढऱ्या, सच्छिद्र फोमच्या चपलेवर तपकिरी छटा बहुधा राहतेच. ती आत मुरलेली असते, आणि ती काढण्यासाठी जास्त तेल घातलं तर ती आणखी खोल जाते. चिकटपणा गेला की तिथे थांबावं. बुटाच्या तळव्यावर हीच रीत चालते, पण तेल वरच्या भागाला लागू देऊ नका. कातडं तेलाने गडद होतं, मखमली कातड्याचा तर कायमचा सत्यानाश होतो आणि कॅनव्हासवर तेलाचा वेगळा डाग पडतो. कडेला कागद खोचून, कापसाने, थोडं थोडं लावा. तळवा कशाचा आहे हे कळत नसेल तर आतल्या कोपऱ्यात एक थेंब लावून दहा मिनिटांनी बघा. रंग सुटला किंवा जागा मऊ लागली तर पुढे जाऊ नका.

शेतात, कच्च्या रस्त्यावर घालायची जुनी चप्पल असेल आणि नुसता पातळ फराटा असेल, तर यातलं काहीच करू नका. त्यावर माती लावा आणि दोन दिवस कोरड्या जमिनीवर चाला. धूळ बसून चिकटपणा जातो, हळूहळू घासून फराटाही जातो. सगळ्यालाच तेल-साबण लागतं असं नाही.

पोरांच्या अनवाणी पायाला थंड डांबर लागलं असेल तर हाच क्रम चालतो, तेल आणि मग साबण. पण रस्त्याचं काम चालू असताना गरम डांबर अंगावर उडालं तर गोष्ट वेगळी आहे. तिथे आधी भरपूर गार पाणी ओतायचं आणि चिकटलेलं डांबर न ओढता डॉक्टरकडे जायचं. ओढलं तर त्यासोबत कातडी निघते.

काळे कागद, कापूस आणि उचकलेले तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाका, न्हाणीच्या जाळीत नको. डांबर नळीत गार पडलं की तिथेच बसतं, मग त्यावर केस आणि साबणाचा साका जमतो आणि प्लंबरला बोलवावं लागतं.